‘ठीक आहे 🙂’ म्हणजे नक्की काय?

"सुट्टी पुढे गेली. गणपतीला यायला जमणार नाही 😅"

हा मेसेज जुबैलहून चिपळूणला गेला. थोड्या वेळानं उत्तर आलं, "ठीक आहे 🙂". पुढचे तीन दिवस त्या दोघांमध्ये जे काही लिहिलं गेलं ते "हं", "हो" आणि 👍 एवढंच.

चिपळूणची ती म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नवरा जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात आहे. चौथ्या दिवशी तिनं मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "तूच सांग, हे हसण्यासारखं आहे का?" मी त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, तिचं काही नाही. तिनं तर स्मायली पाठवला होता." दोघांनाही विचारून, नावं न देता, मी हा किस्सा इथं सांगते आहे, कारण दोन माणसं प्रामाणिक असूनही एका पिवळ्या चेहऱ्यावरून किती दूर जाऊ शकतात, हे याच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

आधी परिस्थिती समजून घ्या. भारत सौदीच्या अडीच तास पुढे आहे. त्याची ड्यूटी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. प्लांटच्या ज्या भागात ज्वलनशील वायू असतात तिथं साधा मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे दिवसभराचे मेसेज तो एकदम कॅम्पवर आल्यावर वाचतो. आंघोळ-जेवण उरकून फोन हातात घेईपर्यंत रात्रीचे आठ वाजतात, म्हणजे चिपळूणला साडेदहा. मुलगी झोपलेली, आणि बायको झोपायच्या बेतात. शुक्रवार-शनिवारी इथं सुट्टी, तेव्हा तिकडे शुक्रवारी शाळा, क्लास आणि बाजार. रविवारी ती मोकळी, तर हा कामावर. दोघांना एकाच वेळी निवांत बोलता येईल असा आठवड्यात एखादाच तास उरतो.

त्यात सौदीची स्वतःची एक अडचण होती. इथं बरीच वर्षं इंटरनेटवरून होणारे कॉल बंद होते. २०१३ मध्ये व्हायबर बंद झालं. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारनं अटी पाळणाऱ्या सेवांवरची बंदी उठवली, पण व्हॉट्सॲपचे कॉल त्यानंतरही कित्येक वर्षं नीट लागत नव्हते. मेसेज, फोटो आणि व्हॉइस नोट मात्र जायचे. त्यामुळे या काळात इथं आलेल्या पिढीचा संसार टाइप करून चालला. आधीची पिढी कॅसेट रेकॉर्ड करून गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवायची. कॅसेट पोचायला महिना लागला तरी तिच्यात आवाज असायचा. मेसेज क्षणात पोचतो, आणि आवाज मागे राहतो.

आवाज मागे राहिला की नेमकं काय हरवतं, यावर २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही जणांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं सांगायला दिली. कुणी ती आवाजातून सांगितली, कुणी ईमेलनं. समोरच्यानं फक्त ओळखायचं होतं, हे खरं म्हणतोय की टोमणा आहे. पाठवणाऱ्यांची खात्री होती की दोन्ही प्रकारांत साधारण ७८ टक्के वेळा बरोबर ओळखलं जाईल. आवाजातून सुमारे तीन-चतुर्थांश वेळा ओळखलंही गेलं. ईमेलमध्ये तो आकडा ५६ टक्क्यांवर आला, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा थोडासाच बरा. आणि गंमत अशी, की वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलं असं वाटत होतं.

कारण सोपं आहे. आपण टाइप करतो तेव्हा ते वाक्य मनातल्या मनात आपल्याच सुरात ऐकत असतो. तो सूर अक्षरांबरोबर जात नाही, पण आपल्याला तो इतका स्पष्ट ऐकू येत असतो की समोरच्यालाही येत असेल असं आपण धरून चालतो. वाचणारा तेच वाक्य त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीच्या सुरात वाचतो.

आपल्या भाषेनं यावर स्वतःचा एक उपाय करून ठेवलेला आहे. "जेवलास का?" आणि "जेवलास का रे?" यातला फरक आठवा. पहिला प्रश्न वसतिगृहाचा रेक्टरही विचारेल. दुसऱ्यातला 'रे' फक्त जवळचं माणूस लावतं. गं, रे, हो, ना, की, बरं का, हं : या इवल्याशा शब्दांना स्वतःचा अर्थ जवळजवळ नाही, पण वाक्य कुणाचं आहे आणि कुठल्या नात्यातून आलं आहे ते हेच सांगतात. इंग्रजीत हे काम बरंचसं सुरावर सोडलेलं असतं. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं एक होतं : रोमन लिपीत घाईघाईनं मराठी टाइप करताना हे शब्द पहिले गळतात. "Jevlis?" एवढंच उरतं. मग ते कोरडं वाटलं म्हणून आपण पुढे ❤️ लावतो. माझं म्हणणं असं, की तो ❤️ पुष्कळदा गळलेल्या 'गं'ची भरपाई असतो. 'गं' परत लिहिला तर बदामाची गरज निम्मी कमी होते. करून पाहा.

भाषाशास्त्रज्ञ लॉरेन गॉन आणि ग्रेचेन मॅककुलॉक यांनी इमोजींची तुलना शब्दांशी न करता हातवाऱ्यांशी केली आहे. मला ती पटते. बोलताना आपण मान डोलावतो, हात उडवतो, कपाळाला हात लावतो. त्यांचं व्याकरण नसतं, ते वाक्याच्या जागी येत नाहीत, वाक्याच्या बरोबरीनं येतात. एकच हातवारा आपण तीन-चार वेळा करतो, तसेच इमोजीही ओळीनं येतात : 😂😂😂. "खूप" हा शब्द आपण असा ओळीनं दहा वेळा लिहीत नाही. म्हणून फक्त इमोजींची गोष्ट लिहायला घेतली की ती कोडं बनते, पण वाक्याच्या शेपटीला लावलेला इमोजी आपल्याला विचार न करता समजतो. निदान समजला असं वाटतं.

त्यानं ऊब वाढते का? २०२५ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात टेक्सास विद्यापीठातून आलेला एक प्रयोग आहे. २६० जणांना मेसेजची देवाणघेवाण दाखवली आणि ती आपलीच एका जवळच्या मित्राशी झाली आहे असं समजायला सांगितलं. काहींच्या बाबतीत मित्राच्या उत्तरात इमोजी होते, काहींच्या नव्हते. इमोजी असलेल्या उत्तरांचा मित्र लोकांना अधिक 'प्रतिसाद देणारा' वाटला, आणि त्या भावनेतूनच जवळीक आणि समाधानही जास्त वाटलं. चेहरा असलेला इमोजी आणि दुसऱ्या कुठल्या वस्तूचा इमोजी, यांत मात्र फरक पडला नाही.

हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नात्यांचा अभ्यास करणारे 'प्रतिसाद' हा शब्द विशिष्ट अर्थानं वापरतात : समोरच्यानं माझं म्हणणं समजून घेतलं, ते त्याला पटण्यासारखं वाटलं आणि त्याला माझी काळजी आहे, असं मला वाटणं. मुलीनं पहिल्यांदा सायकल चालवली, असं लिहिल्यावर उत्तरात 🚲 आला तर त्याचा अर्थ 'मी वाचलं, मला ते चित्र दिसलं' असा होतो. त्याच जागी रोजचे तीन ठरलेले बदाम आले तर ते कशाचंही उत्तर असू शकतात. प्रयोगाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. ते कल्पनेतले मेसेज होते, दहा वर्षांचा संसार नव्हता. आणि त्यात कुणी कुणाची सुट्टी रद्द झाल्याचं कळवत नव्हतं.

आता पुन्हा जुबैलकडे. मी त्याला विचारलं, तू 😅 का लावलास? तो म्हणाला, "अगं, घाम आलाय बघ ना त्याच्या कपाळाला! मला सांगायचीच लाज वाटत होती." कारखान्याचं शटडाऊन लांबलं होतं, म्हणजे सगळी यंत्रं थांबवून वर्षाची दुरुस्ती चालू होती, आणि अशा वेळी रजा कुणालाच मिळत नाही. दोन तास तो मेसेज कसा लिहावा याचा विचार करत बसला होता. त्याच्या लेखी त्या चेहऱ्यावरची महत्त्वाची गोष्ट होती कपाळावरचा थेंब. तिनं पाहिलं ते उघडं, हसणारं तोंड. दोन्ही त्या चित्रात आहेत. तिच्या 🙂 चंही तसंच. ती म्हणाली, "मी दात आवळून लिहिलं होतं ते. त्याला कळायला नको?" चाळिशीच्या आतल्या बऱ्याच लोकांत 🙂 हा नुसता हसरा चेहरा राहिलेला नाही, तो 'बरं, ठीक, चालू द्या' या अर्थानं येतो. नवऱ्याला हा संकेत ठाऊकच नव्हता. त्यानं चित्रात होतं ते वाचलं : बायको हसते आहे.

मिनेसोटा विद्यापीठात हॅना मिलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हेच मोजलं होतं. अगदी तेच चित्र, त्याच कंपनीचं, दोन माणसांना दाखवलं, तरी हे चित्र आनंदी, दुःखी की मधलं यावर त्यांचं चारांतल्या एका वेळी जमलं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची चित्रं घेतली तर गोंधळ आणखी वाढला. इमोजी म्हणजे प्रत्यक्षात फक्त एक क्रमांक असतो, 😅 साठी U+1F605. फोन तो क्रमांक पाठवतो आणि चित्र पलीकडचा फोन काढतो. तेव्हा 😁 हा चेहरा आयफोनवर दात विचकल्यासारखा दिसायचा आणि इतरत्र खूश. आता कंपन्यांची चित्रं बरीच एकमेकांसारखी झाली आहेत, म्हणून हा दुसरा घोळ कमी झाला. पहिला, म्हणजे एकच चित्र दोघांनी दोन तऱ्हांनी वाचण्याचा, तसाच आहे.

मग करायचं काय? त्या दोघांनी जे केलं ते सांगते. पहिली गोष्ट, वाईट बातमी टाइप करायची नाही. कॉल जमला नाही तर व्हॉइस नोट. त्यात "अगं, ऐक ना" म्हणतानाचा श्वास, मधली थांबलेली सेकंदं, सगळं जातं. तो मेसेज त्यानं बोलून पाठवला असता तर कपाळावरच्या थेंबाची गरज पडली नसती. दुसरी गोष्ट, वाक्यात जे शब्दांनी सांगता येतं ते इमोजीवर सोपवायचं नाही. "मला फार वाईट वाटतंय, तुला कसं सांगू कळत नव्हतं" हे लिहून मग हवा तो चेहरा लावा, तो चुकीचा वाचला जायला जागाच उरत नाही. आणि तिच्यासाठी : राग आला असेल तर 🙂 नाही. "मला राग आलाय, उद्या बोलू" हे मराठीत लिहायला पाच शब्द पुरतात. हे तिला सांगितल्यावर ती मला म्हणाली, "तू तुझ्या नवऱ्याला असं लिहितेस का?" मी विषय बदलला.

भांडणातून बाहेर पडणं एवढंच इमोजींचं काम नाही. बाथ विद्यापीठाच्या रायन केली आणि लिऑन वॉट्स यांनी २०१५ मध्ये जवळच्या नात्यांतल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. इमोजीला चित्राशी संबंध नसलेला, फक्त आपल्या दोघांनाच कळणारा अर्थ देणं हे त्यांना वारंवार आढळलं. दूरच्या जोडप्यांना याचा उपयोग जास्त. एका घरात राहणाऱ्यांचे खासगी संकेत खोलीत तयार होतात, जसं पाहुणे बसलेले असताना केलेली डोळ्यांची खूण. ज्यांची खोलीच एक नाही त्यांना ते पडद्यावर तयार करावे लागतात. हे संकेत कुणी बसून ठरवत नाही. एकदा काहीतरी घडतं आणि ते चिकटतं. या दोघांच्यात 🧯 म्हणजे "आज फार दमलोय, बोलणं उद्या, रागावू नकोस". एकदा दिवसभर आग विझवण्याच्या सरावाला उभं राहून आल्यावर त्यानं शब्दांऐवजी तो पाठवला होता, आणि तिनं तेव्हा तो हसून घेतला, म्हणून तो टिकला.

मोदकाला इमोजी नाही. गणपतीत आपण सगळे 🥟 पाठवतो, जो खरा मोमो किंवा डम्पलिंग आहे, आणि कुणाचीही गफलत होत नाही. पणती 🪔, साडी 🥻, देऊळ 🛕 आणि रिक्षा 🛺 हे २०१९ मध्ये एकदमच आले. त्याआधी दिवाळीला आपण मेणबत्ती किंवा फटाके पाठवायचो. नवा इमोजी असा आपोआप येत नाही, कुणीतरी युनिकोड कन्सॉर्शियमकडे रीतसर प्रस्ताव द्यावा लागतो. हिजाब घातलेल्या स्त्रीचा इमोजी 🧕 आला तो रयूफ अलहुमैधी या सौदी मुलीमुळे. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि बर्लिनमध्ये राहत होती. मैत्रिणींच्या ग्रुपला नाव म्हणून प्रत्येकीनं आपल्यासारखा दिसणारा इमोजी लावायचं ठरलं, आणि हिच्यासारखा एकही नव्हता. तिनं २०१६ मध्ये प्रस्ताव दिला, २०१७ मध्ये तो मंजूर होऊन फोनवर आला. परदेशात राहणाऱ्या मुलीला तो लागला, यात मला नवल वाटत नाही.

आई-वडिलांच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी असते. तिथं अडचण बहुधा अर्थाची नसते, फोनची किंवा सवयीची असते. काही इमोजी दोन-तीन चित्रं अदृश्य चिन्हानं जोडून बनवलेले असतात. ❤️‍🔥 हा बदाम आणि आग यांची जोडी आहे. जुन्या फोनला ती जोडी ठाऊक नसेल तर बदाम वेगळा आणि आग वेगळी दिसते. माझ्या आईनं एकदा विचारलं होतं, "कुठं आग लागली?" अगदी नवा इमोजी असेल तर तिला नुसता रिकामा चौकोन दिसतो. म्हणून तिच्यासाठी जुनेच वापरते. दुसरं, त्यांचा 👍. आपण मोठ्ठा परिच्छेद लिहावा आणि बाबांकडून अंगठा यावा, यानं दुखावलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. माझ्या बाबांच्या लेखी तो अंगठा म्हणजे "पत्र मिळाले, मजकूर कळला". त्यात तुटकपणा शोधण्याऐवजी मी आता असा प्रश्न विचारते ज्याला अंगठ्यानं उत्तर देता येत नाही. "गुडघा कसा आहे?" ऐवजी "आज जिना चढलात की लिफ्टनं गेलात?" उत्तर शब्दांत येतं, आणि कधी कधी शेजाऱ्यांच्या तक्रारींसकट येतं.

२०२२ पासून व्हॉट्सॲपवर मेसेजलाच रिॲक्शन चिकटवता येते. कामाच्या ग्रुपमध्ये ती फार सोयीची. घरी जपून, कारण तिच्यानं संभाषण तिथंच मिटतं. आजीनं पाठवलेल्या फोटोवर ❤️ लावला की आपलं कर्तव्य संपलं असं वाटतं, आणि तिला पुढे बोलायला काही मिळत नाही. "ही शेवंती मागच्या वर्षीचीच ना गं?" इतकं लिहिलं तर पुढचा अर्धा तास तिचा.

सौदीत राहणाऱ्यांसाठी बदामाबद्दल एक खुलासा. फेब्रुवारी २०२२ मध्ये इथल्या 'ओकाझ' या दैनिकात सायबर गुन्ह्यांच्या एका जाणकारानं असं म्हटलं होतं, की समोरच्याला नको असताना लाल बदाम पाठवला आणि त्यानं तक्रार केली, तर २०१८ च्या छळविरोधी कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. त्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास अधिक. भारतात ही बातमी 'सौदीत बदाम पाठवला तर तुरुंग' अशी फिरली आणि मैत्रिणीनं घाबरून महिनाभर नवऱ्याला निळे बदाम पाठवले. त्या मताचा गाभा 'नको असताना' आणि 'तक्रार' या दोन शब्दांत आहे. नवरा-बायकोचा त्यात संबंध नाही. ऑफिसच्या लोकांना मात्र मी बदाम पाठवत नाही. इथले सहकारी आभार मानायला, शुभेच्छा द्यायला 🌹 पाठवतात, मीही तेच करते.

त्या वर्षी तो गणपतीला आला नाहीच. पण शटडाऊनमध्येही संध्याकाळी पाच वाजता चहाची सुट्टी व्हायची, आणि तेव्हा चिपळूणला साडेसात, आरतीची वेळ. मुलीनं ठरवलं की आरतीला उभं राहिलं की बाबाला 🌺 पाठवायचा. जास्वंद म्हणून. तो प्लांटच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी यायचा, लॉकरमधून आणलेला फोन चालू करायचा आणि एक 🌺 परत पाठवायचा. एके दिवशी तिकडे वीज गेली, मेसेज उशिरा पोचला. त्यानं वाट पाहून आपणच आधी पाठवला, आणि खाली लिहिलं, "आरती झाली का गं पिल्ल्या?"